फोन मराठी केला, आता गूगलचा मेल कुठल्या भाषेत येणार?

तासगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं केंद्र आहे. सातबारा, विमा, शिष्यवृत्ती ही कामं रोजचीच. पण गेल्या वर्षभरात एक नवं काम वाढलंय. फोन मराठीत करून घ्यायला माणसं येतात, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी त्यांच्यातलीच काही जण परत येतात, कारण गूगलच्या खात्याचा पासवर्ड विसरलेला असतो आणि ‘मेलच येत नाही’ अशी तक्रार असते. मेल बहुतेक वेळा आलेला असतो. तो सापडत नसतो.

शेजारच्या गल्लीतल्या काकांचं असंच झालं. काकांची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. पुतण्यानं त्यांचा फोन मराठीत करून दिला होता आणि काका खूष होते. मग एक दिवस फोनमधून खातं बाहेर पडलं आणि पासवर्ड काही आठवेना. खात्याला रिकव्हरी ईमेल म्हणून, म्हणजे पासवर्ड विसरला तर कोड जिथं येतो तो पत्ता म्हणून, पुण्यातल्या लेकीचा मेल जोडलेला होता. काका तीन दिवस रोज कोड मागवत होते आणि लेक रोज सांगत होती, काहीच आलं नाही म्हणून.

“अगं, गूगल पाठवतच नाही बघ,” काका म्हणाले.

त्या प्रकरणाचा उलगडा सांगतेच, पण त्याआधी फोनमध्ये भाषा कुठकुठे बसलेली असते ते समजून घ्यायला हवं. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

भाषा एका जागी नसते

आपण ‘फोन मराठी केला’ म्हणतो तेव्हा फक्त फोनची भाषा बदललेली असते. तिच्याशिवाय प्रत्येक ॲपची भाषा वेगळी असू शकते, आणि खात्याची भाषा तर गूगलकडे नोंदवलेली असते, फोनमध्ये नव्हे. म्हणून दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडलं तरी खात्याची पानं आपण निवडलेल्या भाषेतच दिसतात. कीबोर्डची भाषा ही चौथी गोष्ट. तिचा या तिघींशी काही संबंध नाही. फोन इंग्रजीत ठेवून मराठी टाइप करता येतं आणि फोन मराठीत ठेवून इंग्रजीही.

प्रदेश हा या सगळ्याहून निराळा. गूगलच्या बातम्यांच्या पानाचा पत्ता पाहिला की हा फरक डोळ्यांना दिसतो:

```
https://news.google.com/?hl=mr&gl=IN&ceid=IN:mr
```

यात `hl` म्हणजे पान कुठल्या भाषेत दाखवायचं ते, आणि `gl` म्हणजे कुठल्या देशासाठी दाखवायचं ते. भाषा मराठी, देश भारत. दोन्ही वेगवेगळे लिहिलेत, कारण ते वेगवेगळे बदलतात. प्ले स्टोअरचा देश तर भाषेशी बांधलेलाच नाही. तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि त्यासाठी त्या देशातली पैसे भरायची सोय लागते. मराठीसाठी त्याला हात लावायची काहीच गरज नाही. कुणी ‘देश बदलून बघू’ म्हटलं तर नको म्हणा.

बदलण्याआधी दहा मिनिटं

माझ्याकडे फोन मराठीत करायला आलेल्या माणसाला मी आधी खुर्चीवर बसवते आणि फोन अजून इंग्रजीत असतानाच एक काम उरकते. `myaccount.google.com` उघडायचं, `Security` मध्ये जायचं आणि रिकव्हरी फोन व रिकव्हरी ईमेल कोणता आहे ते वाचून दाखवायचं. दहातल्या तिघा-चौघांचा नंबर जुना निघतो. बंद पडलेलं सिम, नाहीतर गाव सोडून गेलेल्या मुलाचा मेल. तो तिथंच दुरुस्त करायचा.

इथं एक बारकावा आहे. रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल बदलला तरी पुढचे ७ दिवस गूगल जुन्या ठिकाणी कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं. त्यामुळे आज नंबर बदलला आणि उद्याच जुना नंबर दिसला तर घाबरून पुन्हा बदलत बसू नका.

दुसरं काम परतीच्या वाटेचं. भाषा बदलण्याच्या पानापर्यंत जाताना प्रत्येक स्क्रीनचा दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवायचा. पुढे कधी फोन चुकून भलत्याच भाषेत गेला तर अक्षरं वाचता आली नाहीत तरी ‘वरून पाचवी ओळ’ हे फोटोवरून कळतं.

आता बदल

बहुतेक ॲण्ड्रॉइड फोनमध्ये वाट `Settings`, मग `System`, मग `Languages` अशी जाते. कंपनीनुसार मधला एखादा शब्द वेगळा असतो. तो सापडला नाही तर सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी language लिहिलं की नेमकी ओळ येते. तिथं भाषा जोडायची, यादीतून मराठी घ्यायची, प्रदेश विचारला तर भारत निवडायचा आणि मराठीची ओळ बोटानं धरून सगळ्यांत वर ओढायची.

आता नीट लक्ष द्यायचं ते यादीतल्या दुसऱ्या ओळीकडे. ही यादी शोभेसाठी नाही. एखाद्या ॲपमध्ये मराठी नसेल तर ॲण्ड्रॉइड खालच्या ओळीतली भाषा शोधतं. काकांच्या यादीत वर मराठी आणि तिच्याखाली हिंदी होती. त्यामुळे मराठी नसलेली ॲप्स हिंदीत उघडायची आणि काका म्हणायचे, “मी मराठी केलंय, हे हिंदी कुठून आलं?” दुसऱ्या जागेवर इंग्रजी आणून ठेवली, की ज्या ॲपला मराठी येत नाही ते पूर्वी जसं दिसत होतं तसंच दिसतं.

एकच ॲप वेगळ्या भाषेत हवं असेल तर ॲण्ड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत, त्याच भागात `App languages` असं पान असतं. तिथं ॲप निवडायचं आणि त्याची भाषा निवडायची. ज्या ॲपनं आपल्या भाषांची यादी फोनला दिलेली नसते ते इथं दिसत नाही. तेव्हा त्या ॲपच्या आतल्या सेटिंग्जमध्ये पाहायचं. व्हॉट्सॲपची भाषा अशी ॲपच्या आतूनही बदलता येते. हे पान नीट लक्षात ठेवा, तक्रारीच्या फॉर्मच्या वेळी ते कामाला येणार आहे.

शेवटी खात्याची भाषा. `myaccount.google.com/language` हा पत्ता थेट त्या पानावर नेतो. वर आपली मुख्य भाषा असते, तिच्याखाली इतर भाषा. गूगल आपण वापरतो त्या भाषा कधीकधी आपोआप यादीत घालतं, तेही इथंच दिसतं आणि बंद करता येतं. इथं मराठी निवडली की गूगलची वेबवरची पानं आणि खात्याबद्दलच्या सूचना मराठीत येऊ लागतात. हे पान बहुतेक जण कधी उघडतच नाहीत. म्हणून फोन मराठी आणि मेल इंग्रजी, किंवा याच्या बरोबर उलटं, असं होऊन बसतं.

सुचवणीत काय बदलतं

बदल केल्यावर लोकांचा पहिला प्रश्न यूट्यूबचा असतो. सगळं मराठी झालं, मग व्हिडिओ हिंदीच का दिसतात? कारण यूट्यूबमध्ये भाषा बदलली की बदलतात ती बटणं आणि नावं. पुढे कुठला व्हिडिओ ठेवायचा हे मुख्यतः तुम्ही आजवर काय पाहिलंत त्यावर ठरतं. दोन वर्षं हिंदी व्हिडिओ पाहिलेला इतिहास भाषेच्या एका बटणानं पुसला जात नाही. नको असलेल्या व्हिडिओच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘रस नाही’ या अर्थाचा पर्याय आठवडाभर नेमानं निवडला, आणि मराठी व्हिडिओ शोधून शेवटपर्यंत पाहिले, तर फरक पडतो.

शोधण्याच्या सुचवणीवर मात्र भाषेचा परिणाम लगेच दिसतो, पण तोही सेटिंगपेक्षा तुमच्या बोटांतून. गूगल शोधताना पुढचे शब्द सुचवतं ते तुम्ही कुठल्या भाषेत लिहिताय, कुठे आहात, लोक सध्या काय शोधताहेत आणि तुम्ही आधी काय शोधलंय हे पाहून. काकांना मी हे करून दाखवलं. द्राक्षावरच्या डावणी रोगाबद्दल शोधायचं होतं. आधी त्यांनी इंग्रजी अक्षरांत downy लिहिलं तर इंग्रजी लेखांच्या सुचवण्या आल्या. मग मराठी कीबोर्डवर ‘द्राक्ष डावणी’ लिहिलं. खाली मराठी शब्द जुळू लागले आणि पहिल्याच पानावर मराठीतले लेख आणि व्हिडिओ. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणीची भीती असते. तेव्हा काकांना त्याच भाषेतलं उत्तर हवं असतं ज्या भाषेत ते प्रश्न विचारतात. त्यामुळे सुचवण्या मराठीत हव्या असतील तर कीबोर्ड मराठी करणं हे फोन मराठी करण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीचे प्रकार आहेत, त्यात इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाराही आहे. ज्यांना टाइप करायची सवय नाही त्यांना तो सोपा जातो.

तक्रारीचा फॉर्म आणि आकड्यांचा घोटाळा

याच काकांनी एका खरेदीच्या ॲपवर फवारणीपंपाचा सुटा भाग मागवला होता. तो चुकीचा आला. ॲपमध्ये तक्रारीचा फॉर्म होता. काकांनी सगळं भरलं आणि फॉर्म म्हणत राहिला, मोबाइल नंबर चुकीचा आहे. त्यांनी नंबर चार वेळा तपासला. नंबर अगदी बरोबर होता, फक्त देवनागरी आकड्यांत लिहिलेला.

आपल्याला ‘०’ आणि ‘0’ एकच वाटतात, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत:

```
0 = U+0030
० = U+0966
```

बरेच फॉर्म नंबर तपासताना फक्त 0 ते 9 इंग्रजी आकडेच मोजतात. मराठी आकडे दिसले की ‘चुकीचा नंबर’ म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. हिंदीत फोन वापरणाऱ्यांपेक्षा आपल्याला हा त्रास जास्त का होतो याचं कारण आहे. फोन आणि ब्राउझर भाषांचे जे जागतिक नियम वापरतात त्यांत मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी धरलेत, हिंदीचे इंग्रजी. त्यामुळे मराठी केल्यावर आकडे आपसूक देवनागरी दिसू लागतात. वाचायला ते छान वाटतात आणि मला स्वतःला आवडतातही. पण मोबाइल नंबर, पिनकोड, ऑर्डर नंबर आणि कोड हे फॉर्ममध्ये इंग्रजी आकड्यांतच भरा. कीबोर्डवरचं पृथ्वीगोलाचं बटण दाबून इंग्रजीवर जा, आकडे लिहा आणि परत या. ॲण्ड्रॉइड १४ पासून काही फोनमध्ये भाषेच्या पानावर प्रादेशिक आवडीनिवडींचा भाग असतो. तिथं भाषा मराठी ठेवून आकडे बदलायचा पर्याय मिळतो.

तारखेचंही तसंच. फोन आधी अमेरिकन इंग्रजीत असेल तर ३ एप्रिल ही तारीख 4/3 अशी दिसते, कारण तिथं महिना आधी. मराठी भारत केलं की तीच ३/४ होते. जुन्या स्क्रीनशॉटवरून तारीख उतरवताना इथं हमखास चूक होते. तक्रारीत तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्नच मिटतो.

आता फॉर्मच्या मजकुराचं. फॉर्म मराठीत दिसतो याचा अर्थ वाचणारा मराठी आहे असा होत नाही. पानावरचे शब्द मराठीत असतात, पलीकडचा माणूस कुठल्या भाषेत काम करतो ते वेगळं. फॉर्ममध्ये भाषा निवडायला दिली असेल तर तिथं काय काय आहे ते पाहा. मराठी नसेल तर चार सोपी इंग्रजी वाक्यं लिहा, नाहीतर मराठीत लिहून खाली इंग्रजीत ऑर्डर नंबर, तारीख आणि अडचण एका ओळीत द्या. आणि चुकीच्या संदेशाचा फोटो जोडायचा असेल तर तो इंग्रजीत काढा. मघाशी सांगितलेल्या `App languages` पानावर तेवढ्या एका ॲपला इंग्रजी करायचं, संदेश पुन्हा आणायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि ॲप परत मराठीत ठेवायचं. बाकी फोन मराठीतच राहतो. मूळ इंग्रजी संदेश समोर असला की मदत करणाऱ्याला तो त्यांच्या यादीत लगेच सापडतो. मराठी भाषांतरावरून त्याला अंदाज बांधावा लागतो.

गूगलच्या मदतपानांवर तर याहून सोपं आहे. पत्त्याच्या शेवटी `hl=mr` असेल तिथं `hl=en` केलं की तेच पान इंग्रजीत उघडतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

काकांचा मेल

आता मूळ गोष्टीकडे. मी काकांच्या लेकीला फोन लावला आणि विचारलं, “ताई, तुम्ही मेल कसा शोधलात?” त्या म्हणाल्या, google verification code लिहून शोधला. तिथंच कळलं. काकांच्या खात्याची भाषा मराठी, ज्या पानावरून ते कोड मागत होते तेही मराठी. त्यामुळे मेलही मराठीत गेलेला. ताईंचं जीमेल इंग्रजीत आहे, पण त्यानं काय होतं? मेल लिहितो पाठवणारा. वाचणाऱ्याच्या जीमेलची भाषा काहीही असो, आलेला मजकूर जसा आहे तसाच राहतो. इंग्रजी शब्द शोधले तर मराठी मेल कसा सापडेल?

म्हणून मेल शब्दांनी शोधायचाच नाही. शोधायचा तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यानं, कारण पत्ता कुठल्याच भाषेत बदलत नाही. ताईंना मी जीमेलच्या शोधपट्टीत हे लिहायला सांगितलं:

```
in:anywhere from:accounts.google.com
```

यातल्या `in:anywhere` मुळे स्पॅम आणि कचऱ्याची पेटीही धुंडाळली जाते. सगळे मेल कचऱ्यात सापडले. त्यांनीच टाकले होते. “मला वाटलं फसवणुकीचे आहेत. गूगल मराठीत कशाला लिहील?” असं त्या म्हणाल्या.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी मेल आला की तो खरा आणि मराठी आला की खोटा, असं आपल्या मनात बसलेलं असतं. भाषेवरून खरंखोटं ठरत नाही. फसवणारा दोन्ही भाषांत लिहू शकतो. पाहायचा तो पूर्ण पत्ता. जीमेलच्या ॲपमध्ये मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की तो दिसतो. गूगलच्या खात्याच्या सूचना `no-reply@accounts.google.com` वरून येतात, इन्स्टाग्रामच्या सुरक्षेच्या `security@mail.instagram.com` वरून. तरीही शंका राहिली तर मेलमधल्या दुव्याला हात लावू नका. खातं उघडता येत असेल तर स्वतः `myaccount.google.com/notifications` टाइप करून जा. खात्यात सुरक्षेचं खरोखर काही घडलं असेल तर त्याची नोंद तिथं दिसते.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते. कुणी जीमेलमध्ये फिल्टर लावलेले असतात, security alert किंवा password हा शब्द आला की तारा लावायचा, किंवा वेगळ्या लेबलखाली टाकायचं. खात्याची भाषा मराठी झाल्यावर हे फिल्टर मुकाट्यानं बंद पडतात. ते शब्द आता येतच नाहीत. फिल्टर पत्त्यावर लावून घ्या.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. काकांचा नेहमीचा फोन घेतला आणि त्यांच्याच घरी, त्यांच्याच वायफायवर बसलो, कारण ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा असली तर गूगलला खात्री पटायला सोपं जातं. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर हे करायचं मी टाळलं. `accounts.google.com/signin/recovery` उघडलं. काकांना मराठीत वाचता यावं म्हणून पान मराठीतच ठेवलं. भाषा बदलायचा पर्याय पानाच्या तळाशी असतो. खात्याचा पत्ता लिहिला, पासवर्डऐवजी दुसरा मार्ग निवडला आणि लेकीच्या मेलवर कोड मागवला. फक्त एकदाच. तीन दिवसांत काकांनी इतक्यांदा कोड मागवले होते की कुठला ताजा तेच कळत नव्हतं. जुना कोड चालत नाही, शेवटचाच वापरायचा.

काकांनी स्वतः लेकीला फोन लावला. तिनं कोड वाचून दाखवला तो तिच्या बाबांना, तेही तिला त्यांनीच फोन केला असताना. अनोळखी फोनवर कोड सांगायचा नाही, हे मी दोघांना पुन्हा सांगितलं. काकांनी सहा आकडे इंग्रजी कीबोर्डवर सावकाश टाकले. पान पुढे गेलं. नवा पासवर्ड त्यांनी वहीत लिहून घेतला, बेदाण्याच्या हिशेबाच्या वहीत नव्हे, घरातल्या कपाटात असते त्या वहीत.

निघण्याआधी एक चाचणी घेतली. काकांचं खातं त्यांच्याच घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडलं. नव्या उपकरणावरून खातं उघडल्याची सूचना काकांच्या मेलवर आली, मराठीत. तिचा स्क्रीनशॉट ताईंना पाठवला आणि सांगितलं, यापुढे बाबांच्या खात्याचे मेल असेच दिसतील. त्यांनी तिथल्या तिथं त्या पत्त्यावर फिल्टर लावला. मग दुसऱ्या फोनमधून खातं काढून टाकलं.